सोसायटीच्या समितीपुढे विषय ठेवायचाय? अर्ज, वेळ आणि सहपत्रं यांचं नेमकं गणित

गृहनिर्माण संस्थेतला साधा सभासद चांगला प्रस्ताव घेऊन सचिवांकडे जातो. सचिव म्हणतात, "या की रविवारी मीटिंगला, बोलू." रविवारी रात्री पावणेदहा वाजता, निम्मे लोक चपला घालत असताना, अध्यक्ष विचारतात, "हां, तुमचं काय होतं?" दोन मिनिटांत विषय संपतो आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच उरतं. इथे प्रस्ताव वाईट नव्हता. तो कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, एवढंच. पत्रिकेवर जागा कशी मागायची, वेळ किती लिहायचा आणि सोबत कोणते कागद जोडायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, जुळे सोलापूर भागात 40 फ्लॅटची, दोन इमारतींची संस्था आहे. नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात बोअरवेल आटते आणि टँकर सुरू होतात. एका सभासदाला गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरवेलमध्ये सोडण्याचा प्रस्ताव मांडायचा आहे. समितीत 11 जण आहेत आणि सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेसातला भरते. पुढची सभा 8 मार्चला आहे. खाली येणारे दर आणि खर्च उदाहरणापुरते आहेत.

आधी ठरवा, समितीकडून नेमकं काय हवंय

अर्ज लिहायला बसण्याआधी संस्थेचे उपविधी उघडून समितीच्या खर्चाच्या अधिकाराचा भाग वाचा. सर्वसाधारण सभेला न विचारता समिती किती रक्कम खर्च करू शकते, याची मर्यादा त्यात असते. आपल्या उदाहरणात संपूर्ण कामाचा अंदाज 1,38,000 रुपये, म्हणजे फ्लॅटमागे 3,450 रुपये आहे. हा पैसा सभासदांकडून वर्गणी म्हणून काढायचा आहे. तो निर्णय समितीने परस्पर घेतला तर उद्या एकच सभासद हरकत घेईल आणि काम अर्ध्यात अडकेल.

म्हणून 'प्रकल्पास मंजुरी द्यावी' अशी मागणी करू नका. समितीला स्वतःच्या अधिकारात जे करता येतं तेच मागा. इथे मागण्या दोन: बोअरवेल किती पाणी घेते याची चाचणी करायला 6,000 रुपयांची मंजुरी, आणि पूर्ण प्रस्ताव एप्रिलमधल्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचा निर्णय. समितीला 'हो' म्हणायला जड जाणार नाही एवढाच घास द्यायचा. चाचणीत बोअरवेल पाणी घेत नाही असं निघालं, तर 6,000 रुपयांत विषय मिटतो आणि 1,38,000 वाचतात. हे वाक्य प्रस्तावात जरूर लिहा. खजिनदारांना ते आवडतं.

एप्रिलच का, हेही कळायला हवं. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि बहुतेक संस्था ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात. तोवर अर्धा पावसाळा सरलेला असतो. मृग लागायच्या आत खड्डा आणि गाळणी तयार हवी, तर काम मे महिन्यात आणि सभासदांची मंजुरी एप्रिलमध्ये हवी. तेव्हा समितीपुढे विषय मार्चच्या सभेतच यायला हवा. आधी उरकावं म्हणून जानेवारीची सभा धरू नका. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कोरम भरतो की नाही, याचीच खात्री नसते.

तारखांचं गणित

आदर्श उपविधींनुसार समितीच्या सभेची सूचना सदस्यांना पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा रविवारी 8 तारखेला असेल तर मधले तीन दिवस गुरुवार 5, शुक्रवार 6 आणि शनिवार 7. म्हणजे सूचना बुधवारी 4 तारखेपर्यंत सदस्यांच्या हातात पडायला हवी. सचिव नोकरी सांभाळून हे काम करतात. पत्रिका ते साधारण आदल्या रविवारी, 1 तारखेला लिहायला बसतात. तुमचा अर्ज त्याच्याही आठवडाभर आधी, 22 फेब्रुवारीपर्यंत पोचला तर त्यांना तो वाचायला, अध्यक्षांशी बोलायला आणि एखादा कागद कमी असेल तर मागायला वेळ मिळतो.

सभेच्या दोन आठवडे आधी अर्ज, असं धरून चाला. शुक्रवारी अर्ज देऊन रविवारी विषय घ्या म्हणालात, तर तो 'ऐनवेळचे विषय' यातच जाणार. आणि तिथे गेलेला खर्चाचा विषय म्हणजे मेलेला विषय. सदस्यांनी कागद पाहिलेले नसतात, गैरहजर सदस्याला तो येणार हे माहीतच नसतं, आणि चुकून मंजूर झालाच तर पुढच्या सभेत 'हे पत्रिकेवर नव्हतं' म्हणून पुन्हा उकरला जातो.

वेळ किती मागायचा

'थोडा वेळ द्यावा' असं लिहिलं की सचिवांना त्याचं काहीच करता येत नाही. त्यांच्यापुढे दीड तासाची सभा आणि सात-आठ विषय असतात. आकडा लिहा, आणि तो कसा वापरणार तेही लिहा. आपल्या विषयाला 15 मिनिटं पुरतात: 6 मिनिटं मांडणी, 7 मिनिटं प्रश्नोत्तरं आणि 2 मिनिटं ठरावाचं वाचन.

प्रश्नांना मांडणीपेक्षा जास्त वेळ ठेवलाय, हे मुद्दाम. 11 जणांच्या समितीत चार-पाच जण तरी बोलतात, आणि प्रत्येक प्रश्नोत्तराला दीड मिनिट लागतंच. मांडणीला 12 मिनिटं घेतली तर प्रश्न उरतात आणि 'पुढच्या सभेत बघू' यावर गाडी थांबते. घरी मांडणी मोठ्याने बोलून, घड्याळ लावून पाहा. मनातल्या मनात वाचलेली 6 मिनिटं बोलताना 9 होतात.

कमी वेळ मिळाला तर काय कराल, हेही अर्जातच लिहावं. '10 मिनिटे मिळाल्यास मांडणी 3 मिनिटांत करेन, तपशील सहपत्रांत आहे' या एका ओळीने सचिवांची अडचण सुटते. जागाही सुचवायला हरकत नाही. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे आणि जमाखर्चाला मंजुरी हे दोन विषय नेहमी आधी होतात. त्यानंतर लगेच आपला विषय आला तर उत्तम. पार्किंग आणि गळतीच्या तक्रारींनंतर आला, तर भांडून दमलेल्या लोकांपुढे बोलावं लागतं. मात्र सुचवा, आग्रह धरू नका. क्रम ठरवणं अध्यक्ष-सचिवांचं काम आहे.

कोणते कागद, किती प्रती

आपल्या उदाहरणात पाच सहपत्रं, मिळून सात पानं. याहून जास्त कागद समितीतला कोणी वाचत नाही.

पहिलं सहपत्र म्हणजे एका पानाचा प्रस्ताव. त्यात अडचण, उपाय, खर्च, फायदा आणि मागणी, याच क्रमाने. फायदा सांगताना तोंडी हिशेबाने पटेल असा आकडा द्या. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन्ही गच्च्या मिळून 450 चौरस मीटर असतील आणि एका दिवसात 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर 11,250 लिटर पाणी पडतं. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं घाण पाणी वजा करून त्यातलं 80 टक्के धरलं, तर 9,000 लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा थोडंच कमी. 'भूजलपातळी वाढेल' यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं. पण ते सगळं पाणी उन्हाळ्यात परत हाती लागेल असं लिहू नका. जमिनीत गेलेलं पाणी शेजारच्या बोअरवेललाही मिळतं, आणि समितीत हे जाणणारा एक तरी माणूस असतोच.

दुसरं सहपत्र गच्चीचा हाती काढलेला आराखडा. पाणी उतरणारे पाइप कुठे आहेत, बोअरवेल कुठे आहे, खड्डा कुठे येणार आणि त्याने कोणाची पार्किंगची जागा जाते का, हे त्यात दिसलं पाहिजे. शेवटचा मुद्दा लपवलात तर सभेत तोच निघेल.

तिसरं सहपत्र तीन दरपत्रकांचा तुलनातक्ता, आणि त्याच्यामागे मूळ दरपत्रकं. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात, म्हणून जरा थांबू. तिघांना एकच कामाची यादी लेखी देऊन दर मागवा: पाइप किती मीटर, गाळणीचा खड्डा किती लांब-रुंद-खोल, खोदाईची माती कोण उचलणार, जीएसटी धरून की सोडून. यादी न देता मागवलेले दर एकमेकांशी ताडूनच पाहता येत नाहीत. एकाने खोदाई धरलेली असते, दुसऱ्याने नसते, आणि सगळ्यात स्वस्त दिसणारा शेवटी सगळ्यात महाग पडतो. दुसरी गोष्ट मुदतीची. दरपत्रकावर बहुधा '30 दिवस वैध' छापलेलं असतं. फेब्रुवारीत घेतलेला दर एप्रिलच्या सभेत शिळा झालेला असतो, आणि ठेकेदाराने वाढीव रक्कम सांगितली की सभासद तुमच्याकडे संशयाने बघतात. म्हणून 90 दिवसांची वैधता लेखी मागून घ्या. तिघांपैकी कोणी तुमचा नातेवाईक किंवा ओळखीचा असेल तर तेही तक्त्याखाली लिहा. आधी लिहिलेलं खपतं, नंतर उघडकीस आलेलं खपत नाही.

चौथं सहपत्र मागील 12 महिन्यांच्या टँकरखर्चाचा महिनावार गोषवारा. हे आकडे संस्थेच्याच दफ्तरातून घ्या. हिशेबाची कागदपत्रं पाहायला मिळावीत म्हणून सचिवांना वेगळा छोटा अर्ज द्या, आणि तो मुख्य अर्जाच्या आधी आठ-दहा दिवस द्या. बिलं खजिनदारांकडे असतात आणि त्यांनी स्वतः काढून दिलेल्या आकड्यावर ते सभेत शंका घेत नाहीत.

पाचवं सहपत्र ठरावाचा मसुदा. हे सोडून देणारे पुष्कळ आहेत. चर्चेनंतर सचिव घाईघाईने जे लिहितात तोच ठराव होतो. तयार मसुदा समोर असेल तर समिती त्यात दोन शब्द बदलते आणि पुढे जाते.

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'सहपत्र 3, पान 4/7' असं लिहा. फोनवर 'ते चौथं पान बघा' म्हणता आलं पाहिजे. प्रती 13: समितीच्या 11 सदस्यांना, एक संस्थेच्या फाइलला, एक स्वतःला. पत्रिकेसोबत कागद फिरवायचे की सभेत वाटायचे, हे सचिव ठरवतील. पत्रिकेसोबत जावेत अशी विनंती करा. पीडीएफही द्या, कारण पुण्या-हैदराबादला असलेला सदस्य मोबाईलवरच वाचतो.

अर्जाचा नमुना

```
दिनांक: 21 फेब्रुवारी

प्रति,
मा. सचिव,
व्यवस्थापक समिती,
(संस्थेचे नाव), सोलापूर

विषय: दि. 8 मार्चच्या समिती सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर
विषय घेणे व मांडणीसाठी 15 मिनिटे मिळणेबाबत.

महोदय,

पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये पुनर्भरण करण्याबाबतचा
प्रस्ताव मला समितीपुढे मांडावयाचा आहे. त्यासाठी
खालील विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

पत्रिकेसाठी विषय: "गच्चीवरील पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये
सोडण्याच्या प्रस्तावावर विचार करणे; बोअरवेल चाचणीच्या
रु. 6,000/- खर्चास मंजुरी देणे; व प्रस्ताव विशेष
सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याबाबत निर्णय घेणे."

वेळ: 15 मिनिटे (मांडणी 6, प्रश्नोत्तरे 7, ठराव 2).
10 मिनिटे मिळाल्यास मांडणी 3 मिनिटांत करेन.
जमाखर्चाच्या विषयानंतर वेळ मिळाल्यास सोयीचे होईल.

मी समितीचा सदस्य नसल्याने या विषयापुरती सभेस
उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी.

सहपत्रे (एकूण 7 पाने, 13 प्रती):
1. प्रस्ताव, 1 पान
2. गच्ची व बोअरवेलचा आराखडा, 1 पान
3. तुलनातक्ता व तीन दरपत्रके, 3 पाने
4. टँकरखर्चाचा 12 महिन्यांचा गोषवारा, 1 पान
5. ठरावाचा मसुदा, 1 पान

विषय पत्रिकेवर घेतला जाणार किंवा कसे, हे दि. 1 मार्च
पर्यंत कळवावे, ही विनंती.

आपला,
(सही, नाव, फ्लॅट क्रमांक, मोबाईल)
```

तुलनातक्ता आणि तीन दरपत्रकं तीन पानांत बसवायची, तर तक्ता पहिल्या दरपत्रकाच्या वरच्या भागात घ्यावा लागतो. मूळ दरपत्रकं लांबलचक असतील तर प्रत्येकाचं फक्त रकमेचं पान जोडा आणि बाकीचं सभेत सोबत ठेवा.

या अर्जात दोन ओळी महत्त्वाच्या. पहिली पत्रिकेवरच्या विषयाची. तुम्ही शब्द दिले नाहीत तर सचिव 'पाण्याविषयी चर्चा' असं लिहितात, आणि मग 'पत्रिकेत फक्त चर्चा आहे, खर्च कसा मंजूर करायचा?' असा मुद्दा कोणी काढला की गप्प बसावं लागतं. 'मंजुरी देणे' आणि 'निर्णय घेणे' हे शब्द पत्रिकेतच हवेत. दुसरी ओळ उपस्थितीची. समितीची सभा ही सर्वसाधारण सभा नव्हे. समितीत नसलेल्या सभासदाने तिथे बसायचं ते समितीच्या परवानगीने. आपला विषय झाला की उठून जायची तयारी ठेवा, आणि मतदानात आपण नाही हेही लक्षात असू द्या.

पोच

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर म्हणजे अर्ज नव्हे. तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तासाभरात गडप होतो, आणि वर समितीआधी सगळ्या बिल्डिंगने त्यावर मत दिलेलं असतं. ईमेल पाठवायचा तर संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर, पण कागदाच्या सोबतीने. अर्ज घ्यायला कोणी तयारच नसेल तर संस्थेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. मात्र पहिल्याच पावलाला पोस्ट गाठू नका. समोरच्या विंगमधल्या सचिवांना पोस्टाने पत्र आलं की सहकार्याचा सूर तिथेच संपतो.

सूचना निघाल्यावर आणि सभेनंतर

1 तारखेला फोन करून विचारा, 'काका, विषय घेतलाय ना, कितव्या नंबरला आहे?' चार तारखेपर्यंत पत्रिका फलकावर किंवा एखाद्या सदस्याकडे पाहा आणि तीन गोष्टी तपासा: विषयाचे शब्द तेच आहेत का, तो ऐनवेळच्या विषयांच्या वर आहे का, सहपत्रं सोबत गेली का. शब्द बदलले असतील तर त्याच दिवशी सांगा. सूचना एकदा वाटून झाली की सचिव ती सहसा बदलत नाहीत.

सभेनंतर इतिवृत्ताची वाट बघत बसू नका. दोन-तीन दिवसांत मसुदा पाहायला मागा. त्यात ठराव, सूचक-अनुमोदकांची नावं, चाचणी कोण करून घेणार आणि कधीपर्यंत, एवढं असेल तर काम झालं. नुसतं 'सखोल चर्चा झाली' असेल, तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी समितीतल्या एखाद्या सदस्यामार्फत दुरुस्ती सुचवा. एकदा कायम झालं की तोच पुरावा. विशेष सर्वसाधारण सभेची तारीख ठरली असेल तर तिच्या सूचनेला पूर्ण पाच दिवस लागतात, वार्षिक सभेला चौदा. एप्रिलमध्ये सुट्टीला गावी जाणाऱ्यांचा अंदाज घेऊनच तारीख सुचवा.

आणि विषय पत्रिकेवर आलाच नाही तर? पहिल्या वेळी सचिवांना भेटून कारण विचारा. पुष्कळदा एखादा कागद अपुरा असतो किंवा त्या महिन्यात लेखापरीक्षणाचा घोळ असतो. पुढच्या सभेसाठी आवक क्रमांकाचा हवाला देऊन अर्ध्या पानाचं स्मरणपत्र द्या, सहपत्रं पुन्हा जोडू नका. दोन सभा गेल्या आणि उत्तरही नाही, तर समितीकडे जागा मागण्याचा रस्ता सोडून सभासदांकडे जा. एकपंचमांश सभासदांनी सही करून लेखी मागणी केली, तर ती मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. 40 सभासदांच्या संस्थेत त्यासाठी आठ सह्या लागतात. घ्या दहा, कारण एखादी सही सहसभासदाची किंवा भाडेकरूची निघते आणि मागणीच फेटाळली जाते. सही करणाऱ्याचं नाव भागपत्रावर आहे का, ते आधी पाहा. मागणीपत्रात विषयाचे शब्द अर्जातलेच ठेवा, फक्त समितीच्या अधिकारापुरत्या मागणीच्या जागी आता पूर्ण 1,38,000 रुपयांच्या खर्चाची आणि फ्लॅटमागच्या वर्गणीची मंजुरी लिहा, कारण या सभेला तो अधिकार आहे.